एफडीवर कर्ज: मी एका ओळीवर अडून बसलो

मे महिन्यात फोंड्यातल्या घराची कौलं उतरवावी लागली. तीन लाख हवे होते. बँकेत चार लाखांची एफडी होती, सात टक्क्यांची, व्याज दर तिमाहीला खात्यात येणारी. ती मोडायची नव्हती, म्हणून तिच्यावरच वर्षभराचं कर्ज काढलं. अर्ज अर्ध्या तासात मंजूर झाला. अडलो ते सहीच्या वेळी, दुसऱ्या पानावर.

तिथे लिहिलं होतं, ‘मुदत संपल्यावर बँक ठेवीची रक्कम कर्जात वळती करू शकते.’ करू शकते, म्हणजे करेलच असं नाही. माझी एफडी 20 ऑगस्टला संपत होती आणि कर्ज पुढच्या मेपर्यंत होतं.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, ती आपोआप रिन्यू होते.” मी पावती पुढे केली. आपोआप नूतनीकरणापुढे ‘नाही’ होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, कर्ज कापून उरलेले खात्यात येतील. तिसऱ्या दिवशी, “तेव्हाचं तेव्हा बघू.” तिथे मात्र मी चिडलो.

कारण एफडी ना रिन्यू झाली, ना वळती झाली, तर पैसे पडून राहतात. रिझर्व्ह बँकेच्या 2021च्या नियमाप्रमाणे अशा पडून राहिलेल्या ठेवीला बचत खात्याचा किंवा ठेवीचा, यांतला जो कमी तो दर मिळतो. माझ्या बचत खात्याचा दर अडीच टक्के. म्हणजे चार लाखांवर महिन्याला साधारण 2,333ऐवजी 833 रुपये, आणि तीन लाखांच्या कर्जावर आठ टक्क्यांनी 2,000 रुपये व्याज चालूच. महिन्याला पंधराशेचा फटका!

शेवटी मॅनेजरबाईंनी अर्ज घेतला: ‘मुदतीला ठेव एका वर्षासाठी नूतनीकरण करावी, लिएन नव्या ठेवीवर चालू ठेवावं.’ लिएन म्हणजे कर्ज फिटेपर्यंत ठेवीवर राहणारा बँकेचा हक्क. पोच म्हणून माझ्या प्रतीवर शिक्का घेतला. त्यातच आणखी एक वाक्य घालून घेतलं. कागदावर ‘ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त’ एवढंच होतं, जुन्या दरापेक्षा की नव्या, ते नव्हतं. नूतनीकरणानंतर नवा दर धरायचा, असं स्पष्ट लिहिलं.

मार्जिनचं सांगायचं राहिलं. ठेवीचा दहा टक्के भाग बँक मार्जिन म्हणून राखून ठेवते, म्हणून कर्जाची मर्यादा 3,60,000. पूर्ण रक्कम उचलून व्याज भरलं नाही, तर पहिल्याच महिन्याला मर्यादा ओलांडली जाते. मी साठ हजारांची जागा ठेवली.

आणि लिएन किती रकमेवर लागलंय ते स्क्रीनवर बघून घ्या. माझ्या पूर्ण चार लाखांवर लागलं होतं. शिवाय अटींत ‘इतर सर्व देणी’ होतं, म्हणजे या कर्जाशिवायच्या देण्यांसाठीही हीच ठेव अडकली असती. मी भावाच्या कर्जाला जामीन आहे, म्हणून ते शब्द खोडून शेजारी बँकेची सही घेतली. कर्ज फिटल्यावर लिएन काढल्याचं पत्र मागायचं, हेही तेव्हाच ठरवलं.

20 ऑगस्टला चवथीचं सामान आणायला निघालो होतो, तेवढ्यात मेसेज आला: ठेव रिन्यू, साडेसहा टक्के. पुढच्या महिन्यात कर्जाचं व्याज साडेसात टक्क्यांनी लागलेलं पाहिलं, तेव्हा कुठे ती फाइल कपाटात ठेवली.