अ‍ॅब्स्ट्रॅक्ट झाकून पेपर वाचला: स्टडी ३२९ चा माझा अनुभव

सायकियाट्रीच्या रेसिडेन्सीत जर्नल क्लबला माझ्या वाट्याला स्टडी ३२९ आला, म्हणजे टीनएजर्सच्या डिप्रेशनमध्ये पॅरॉक्सेटिन हे औषध चालतं का बघणारा तो २००१ चा पेपर. मॅडमनी एकच काम सांगितलं, टायटल आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये जे लिहिलंय ते आतल्या टेबलांमधून खरंच निघतंय का ते बघून ये.

मी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट झाकून ठेवला आणि थेट मेथड्सपासून सुरुवात केली, कारण तिथला "सहन होणारं आणि परिणामकारक" हा निष्कर्ष एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं त्याच नजरेने वाचलं जातं. २७५ मुलं, आठ आठवडे, तीन ग्रुप: पॅरॉक्सेटिन ९३, इमिप्रामिन हे डिप्रेशनचं जुनं औषध ९५, प्लॅसिबो म्हणजे औषध नसलेली गोळी ८७. टायटलमध्ये मात्र इमिप्रामिनचं नावच नाही, एक अख्खा ग्रुप टायटल वाचणाऱ्याला दिसत नाही. हे मी वहीत लिहून ठेवलं पण त्यावर फार अडून बसले नाही, खरी गोम पुढे होती.

मेथड्समध्ये प्रायमरी आउटकम, म्हणजे औषध चाललं की नाही हे ज्यावरून मुख्यतः ठरवायचं ती मापं, दोन दिलेत. एक, हॅम-डी स्कोअर, म्हणजे डिप्रेशन किती तीव्र आहे ते मोजणारा स्कोअर, सुरुवातीपासून किती बदलला. दुसरा म्हणजे रिस्पॉन्स, आणि त्याची व्याख्या मी शब्दन् शब्द उतरवून घेतली: शेवटचा स्कोअर ८ किंवा त्याखाली, *किंवा* सुरुवातीच्या स्कोअरमध्ये निदान ५० टक्के घट. दोन्हीपैकी काहीही झालं तरी तो पेशंट रिस्पॉन्डर. हा "किंवा" लक्षात ठेवा, सगळं त्याच्यावरच आहे.

मग रिझल्ट्सच्या टेबलात या दोनच ओळी शोधल्या, बाकीच्या ओळींवर कागद ठेवला. रिस्पॉन्स पॅरॉक्सेटिनवर ६६.७ टक्के, प्लॅसिबोवर ५५.२ टक्के, पी व्हॅल्यू ०.११. स्कोअरमधला बदल, पी ०.१३. पी ०.०५ च्या खाली असेल तरच फरक सिग्निफिकंट, म्हणजे नुसत्या योगायोगाचा नाही, असं धरतात. म्हणजे ज्या दोन गोष्टी मुख्य म्हणून ठरवल्या होत्या त्या दोन्हींमध्ये औषध प्लॅसिबोपेक्षा सरस आहे असं हा ट्रायल दाखवू शकला नाही.

आता अ‍ॅब्स्ट्रॅक्ट उघडला. त्यात लिहिलंय की पॅरॉक्सेटिनमुळे प्लॅसिबोपेक्षा सिग्निफिकंट सुधारणा झाली, आणि यादीत पहिलंच नाव आहे "हॅम-डी टोटल स्कोअर ८ किंवा कमी". घाईत वाचणाऱ्याला वाटणार की हाच तो रिस्पॉन्स, पण नाही, "किंवा ५० टक्के घट" हा अर्धा भाग गायब आहे! तो काढून फक्त ८ चा कट-ऑफ ठेवला की ६३.३ विरुद्ध ४६ टक्के होतात आणि पी ०.०२ येतो. यादीतले बाकीचे तीन आउटकमही प्रायमरी नाहीत. प्रायमरी आउटकम कुठले होते हे त्याच अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या मेथडमध्ये लिहिलंय, त्यांचं काय झालं ते मात्र रिझल्टमध्ये कुठेच नाही. एकही आकडा खोटा नाही, आणि म्हणूनच हे पकडायला अवघड जातं, व्याख्या शेजारी लिहून ठेवली नसती तर कुणाच्याही हातून निसटलं असतं.

दुसरा दावा सहन होण्याचा. त्यासाठी अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये एवढंच की साइड इफेक्ट्समुळे औषध सोडणारे ९.७ टक्के, प्लॅसिबोवर ६.९. आतल्या मजकुरात गेलं की सिरियस अ‍ॅडव्हर्स इफेक्ट्स दिसतात: पॅरॉक्सेटिनवर ११ मुलं, प्लॅसिबोवर २. त्या ११ पैकी ५ जणांपुढे "इमोशनल लॅबिलिटी", म्हणजे भावनांचे चढउतार, असं लिहिलंय आणि कंसात, उदाहरणादाखल म्हणून, आत्महत्येचे विचार आणि तसे प्रयत्न. ९३ मुलांमधली ५. हे वाचून मी खरंच हादरले, कारण ओपीडीत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईला समोर बसवून आपण गोळी लिहून देतो तेव्हा सगळ्यात आधी सांगायची गोष्ट हीच असते, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये तिचा एक शब्द नाही.

जर्नल क्लबमध्ये एका ज्युनियरने विचारलं, पण ०.०२ तर आलाच ना? आला, पण आठ आउटकम मोजून चार सिग्निफिकंट आले आणि तेवढेच पुढे मांडले तर तो पुरावा प्रायमरी आउटकमच्या तोडीचा होत नाही. फार तर पुढच्या ट्रायलला दिशा मिळते.

या पद्धतीची मर्यादा अशी की मेथड्सच नंतर सोयीने लिहिल्या असतील तर नुसत्या पेपरवरून ते कळत नाही, त्याला मूळ प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलच्या आधी लिहिलेली योजना, लागतो. ३२९ च्या बाबतीत २०१५ मध्ये दुसऱ्या टीमने प्रोटोकॉल आणि मूळ डेटा घेऊन पुन्हा अ‍ॅनालिसिस केलं, ते बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये आलं: आधी ठरवलेल्या एकाही आउटकमवर प्लॅसिबोपेक्षा फायदा नाही आणि पॅरॉक्सेटिनवर आत्महत्येचे विचार-वर्तन जास्त. आता भारतातला ट्रायल असेल तर मी आधी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या रजिस्ट्रीवर, त्याची नोंद उघडते, प्रायमरी आउटकम तिथून कॉपी करून वहीत घेते आणि मगच पेपरची पीडीएफ उघडते.