३००० मीटर स्टीपलचेस: स्प्लिटचं गणित नव्याने बसवताना

सपाट ३००० मीटर मी ९:१० मध्ये धावत होतो, म्हणजे ४०० मीटरचा लॅप साधारण ७३ सेकंदांचा. स्टीपलचेसकडे, म्हणजे बॅरिअर आणि पाण्याच्या खड्ड्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतीकडे वळलो तेव्हा सरांनी लक्ष्य दिलं ९:५०. चाळीस सेकंद जास्त! मला ते जरा लाजिरवाणंच वाटलं. पण २८ बॅरिअर आणि ७ वॉटर जंप मिळून ३५ उड्या होतात. एका उडीला सेकंदाहून थोडं जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या मैदानावर वॉटर जंपचा पाण्याचा खड्डा ट्रॅकच्या आतल्या बाजूला आहे. त्यामुळे लॅप ४०० नाही, सुमारे ३९० मीटरचा भरतो. सुरुवातीच्या साधारण २७० मीटरमध्ये एकही अडथळा नसतो, तिथे सपाट शर्यतीच्याच वेगाने ४९-५० सेकंद लागतात. मग उरलेले सात लॅप प्रत्येकी ७७ सेकंदांचे. घड्याळात हा आकडा बसवला आणि जुने ७३ विसरायचं ठरवलं.

खरी अडचण लॅपच्या आत होती. सपाट शर्यतीत वेग सारखा ठेवला की मेहनतही सारखी राहते. इथे मेहनत सारखी ठेवायची तर वेग वरखाली होऊ द्यावा लागतो. बॅरिअर ९१.४ सेंटिमीटर उंच आणि जड, पाय आपटला तरी पडत नाही. त्यामुळे जवळ आल्यावर पाय आपोआप आखडतात, पावलं बारीक होतात आणि वेग गेल्यावर उडी उंच मारावी लागते. सर म्हणायचे, "शेवटचे पंधरा मीटर किंचित वेग वाढव, पाऊल आपोआप जुळेल." डाव्या-उजव्या कुठल्याही पायाने उडी घ्यायला शिकल्यावरच ते जमलं.

वॉटर जंपला बॅरिअरवर एक पाय ठेवून पुढे झेपावायचं असतं. खड्डा ३.६६ मीटर लांब, बॅरिअरजवळ खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. पण पूर्ण कोरडं उतरायच्या हट्टापायी जी ताकद जाते, ती पुढे महाग पडते. एक पाय उथळ पाण्यात, दुसरा थेट ट्रॅकवर, हे स्वस्त पडतं. बाहेर आल्यावर गेलेला वेळ लगेच भरून काढायचा नाही, पुढच्या पन्नास मीटरमध्ये हळूहळू लय पकडायची.

घोळक्यात मात्र हे सगळं कोलमडतं, कारण पुढच्याच्या पाठीमुळे बॅरिअर दिसतच नाही. सपाट शर्यतीत कोणाच्या तरी मागे राहणं फायद्याचं असतं. इथे मी बॅरिअरआधी थोडा बाहेर सरकतो, वळणावर दोन पावलं जास्त पडली तरी चालतील. बीडचा अविनाश साबळे, ज्याने २०२४ मध्ये पॅरिसला ८:०९.९१ ची वेळ दिली, अनेकदा सुरुवातीपासून पुढे धावताना दिसतो. समोर मोकळा बॅरिअर मिळणं हा त्यातला फायदा मला आता कळतो.

पाचव्या लॅपला मी घड्याळापेक्षा पावलांकडे लक्ष देतो. बॅरिअरआधी ती बारीक व्हायला लागली, की पुढचा लॅप ७८ ला सोडायचा. ओढून ७७ आणला तर सातव्यात ८२ होतो.