माळ आणि गंडा

“स्वतः गळ्यात माळ घालता आणि आमच्या गंड्याला अंधश्रद्धा म्हणता. हे कसं काय?”

भजनानंतर चहाला थांबलं की कुणीतरी हे विचारतंच. विचारणाऱ्याचं चुकत नाही, दोन्ही दोऱ्यातच तर ओवलेलं.

आमचे तुकोबा नवसावर तुटून पडतात. नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला करावा लागतो, असं ते तोंडावर विचारतात. देवावर भरवसा ठेवण्याला त्यांची हरकत नाही. अमुक दिलंस तर तमुक देईन, हा सौदा त्यांना खपत नाही. माळ घालताना वारकरी काही मागत नाही. दारू-मटण सोडतो, एकादशी धरतो, वारीला जातो. म्हणजे बांधला जातो तो घालणारा. गंड्यात देवालाच बांधायचा बेत असतो.

हाच प्रश्न तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितापुढे होता: पवित्र वचनं लिहून गळ्यात घालावीत का? त्याने सरसकट नाही म्हटलं नाही. पण मजकुरात अनोळखी नावं नसावीत, क्रुसाखेरीज चिन्हं नसावीत, आणि लिहिण्याच्या किंवा बांधण्याच्या पद्धतीत गुण आहे असं मानू नये. ही शेवटची अट मला फार नेमकी वाटते. दोरा काळाच हवा, गाठी सातच, तोही शनिवारीच, असं सुरू झालं की भरवसा देवावरून गाठीवर सरकलेला असतो.

इब्न मसऊद हे मुहम्मद पैगंबरांचे जवळचे सोबती. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, त्यांची गोष्ट येते. बायकोच्या गळ्यात मंतरलेला दोरा दिसला, तो त्यांनी तोडून टाकला. ती म्हणाली, माझा डोळा दुखायचा, मंतरून घेतला की थांबायचा. आपल्याकडेही शेवटचा पुरावा हाच असतो, “गुण येतो हो!” त्यांनी तो पुरावा मानला नाही. ही सैतानाची करामत, म्हणाले, आणि त्याऐवजी पैगंबरांची दुआ म्हणायला सांगितली: बरं करणारा तूच. कुराणाच्या आयती लिहिलेल्या तावीजावर मात्र उलेमांचं, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांचं, एकमत नाही. काहींना तो चालतो, काही तोही नको म्हणतात.

आता माझं सांगतो. तीन वर्षांपूर्वी एसटीत चढताना माझी माळ तुटली. मणी पायरीवर विखुरले. माळ तुटली तर पुन्हा ओवायची, एवढंच असतं. पण त्या दिवशी मुलीचं ऑपरेशन होतं. मी कंडक्टरला थांबवून सीटखालून एकेक मणी वेचला, आणि दोन कमी भरले तेव्हा पोटात गोळा आला. घरी कुणाला बोललो नाही. त्या प्रवासापुरता माझ्या गळ्यात गंडाच होता.