हिरव्या रकान्यातली रात्र

पॅथॉलॉजी प्रयोगशाळांचे अहवाल रुग्णालयांपर्यंत पोहोचवणाऱ्या एका प्रणालीची देखभाल आमचा सात जणांचा गट पुण्यातून करतो. आठवड्याच्या पाळीने एक जण ऑन-कॉल असतो. अलर्ट आला की त्याचा फोन वाजतो, आणि ‘पाहिले’ अशी पोच देणारे बटण दाबून त्याने पाच मिनिटांत अ‍ॅक केले नाही तर दुसऱ्या फळीतल्या माणसाचा वाजतो. गेल्या वर्षी अलर्ट वाजल्यापासून अ‍ॅक होईपर्यंतचा आणि प्रश्न सुटेपर्यंतचा वेळ मोजून दरमहा अहवाल देण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते मन लावून केले. प्रत्येकाच्या नावापुढे अ‍ॅकची सरासरी लिहून पाच मिनिटांच्या आतला रकाना हिरवा आणि बाहेरचा लाल केला. तीन महिन्यांत सगळे रकाने हिरवे झाले, याचा मला मनापासून आनंद झाला होता.

त्यानंतरच्या एका रात्रीविषयी हे लिहीत आहे, कारण माझ्याच अहवालात ती रात्र महिन्यातल्या सर्वोत्तम नोंदींपैकी एक ठरली होती.

रात्री 1 वाजून 52 मिनिटांनी मुख्य डेटाबेसची डिस्क 80 टक्क्यांवर गेल्याचा अलर्ट आला. पाळीवरच्या तरुण सहकाऱ्याने तो 50 सेकंदांत अ‍ॅक केला आणि तो पुन्हा झोपला. त्याला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट सांगायला हवी. हा अलर्ट रोज रात्री येत असे. दीड वाजता बॅकअप सुरू होई, त्याच्या तात्पुरत्या फायली त्याच डिस्कवर साठत, आणि तीनच्या सुमारास त्या पुसल्या गेल्या की अलर्ट आपोआप मिटे. आम्ही सर्वजण हा अलर्ट पाहून न पाहिल्यासारखा करायला शिकलो होतो, आणि तेच नव्या माणसाला नकळत शिकवले होते.

त्या रात्री मात्र कारण वेगळे होते. संध्याकाळी डेटाबेसची एक प्रतिकृती देखभालीसाठी बंद केली होती, पण तिच्यासाठी राखलेला रेप्लिकेशन स्लॉट मुख्य डेटाबेसवर तसाच राहिला. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेस प्रणालीत असा स्लॉट असला की प्रतिकृतीने अजून न वाचलेल्या बदलांच्या फायली सर्व्हर पुसत नाही, आणि `max_slot_wal_keep_size` ही मर्यादा मुद्दाम घातली नसेल तर त्या कितीही साठू देतो. बॅकअप संपला, त्याच्या फायली गेल्या, पण बदलांच्या फायलींचे `pg_wal` हे फोल्डर फुगतच राहिले. पहाटे तीननंतर प्रयोगशाळांचा दिवसभराचा डेटा येऊ लागला, तसा वेग वाढला. 4 वाजून 37 मिनिटांनी डिस्क पूर्ण भरली आणि डेटाबेस बंद पडला.

मधल्या पावणेतीन तासांत एकदाही फोन वाजला नाही. अ‍ॅकचे बटण एकाच वेळी दोन अर्थ वाहते: मी हे पाहिले, आणि आता दुसऱ्या कोणाला उठवू नका. अ‍ॅक होताच दुसऱ्या फळीकडे जाणारी वाट बंद झाली. तोच अलर्ट पुन्हा पाठवला गेला असता तरी तो आधीच उघड्या असलेल्या नोंदीत मिसळला असता. झोपेत फोन घेऊन बटण दाबणाऱ्या माणसाने फोनच न उचलणाऱ्या माणसापेक्षा जास्त नुकसान केले, कारण फोन उचललाच नसता तर पाच मिनिटांत दुसऱ्या फळीतली मी तरी जागी झाले असते.

डेटाबेस पडल्याचा नवा अलर्ट त्याने एका मिनिटात अ‍ॅक केला, आणि या वेळी तो खरोखर उठला व त्याने मला फोन केला. पुढची दुरुस्ती त्याने उत्तम केली. घाबरून `pg_wal` मधल्या फायली हाताने पुसण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्यातून डेटाबेस कायमचा खराब होऊ शकतो. त्याने आधी डिस्क वाढवली, सर्व्हर सुरू केला, अडकलेला स्लॉट शोधून काढून टाकला आणि चेकपॉइंटने जुन्या फायली जाऊ दिल्या. 6 वाजून 20 मिनिटांनी सगळे सुरळीत झाले. तोवर रुग्णालयांचे सकाळचे अहवाल पावणेदोन तास रखडले होते.

महिनाअखेरीस मी अहवाल काढला तेव्हा त्याचा रकाना हिरवा होता आणि त्या सेवेच्या दुरुस्तीची सरासरीही जेमतेम हलली होती. त्या महिन्यात डिस्कचा अलर्ट तीस रात्री आला, त्यांपैकी 29 रात्री तो साधारण 70 मिनिटांत आपोआप मिटला, आणि त्या रात्री 268 मिनिटे लागली. सरासरी निघाली सुमारे 77 मिनिटे. म्हणजे मागच्या महिन्यापेक्षा फक्त सात मिनिटांनी वाईट. शिवाय ज्या 29 वेळा कोणी काहीही दुरुस्त केले नव्हते, त्याही माझ्या तक्त्यात दुरुस्ती म्हणून मोजल्या गेल्या होत्या.

आणखी एक चूक तेव्हाच सापडली, आणि ती पूर्णपणे माझी होती. दुरुस्तीचा वेळ काढताना मी फक्त मिटलेल्या नोंदी घेत होते, त्यामुळे सर्वांत जास्त रेंगाळलेल्या, अजून उघड्याच असलेल्या नोंदी हिशेबातून गळत होत्या. काम जितके मागे पडेल तितका आकडा चांगला दिसे. आता उघड्या नोंदींना आजपर्यंतचा वेळ धरते, माणसाऐवजी अलर्टच्या नावाने गट पाडते, आणि सरासरीऐवजी मध्यक व नव्वदावे शततमक घेते:

```sql
SELECT alert_name, count(*),
  percentile_cont(ARRAY[0.5, 0.9]) WITHIN GROUP (
    ORDER BY coalesce(resolved_at, now()) - triggered_at)
FROM incidents
WHERE NOT auto_resolved
GROUP BY alert_name;
```

आपोआप मिटलेल्यांची यादी वेगळी निघते, आणि खरा उलगडा तिथेच झाला. माणसांप्रमाणे पाहिले तर आमच्यात फारसा फरक नव्हता, पण अलर्टप्रमाणे पाहिले तर संथ प्रतिसाद मोजक्या चार-पाच अलर्टभोवती दाटले होते, आणि ते जवळजवळ सगळे आपोआप मिटणारे होते. डिस्कचा 80 टक्क्यांचा अलर्ट आम्ही काढून टाकला. आता गेल्या तासाच्या वेगाने डिस्क चार तासांत भरणार असेल तरच फोन वाजतो:

```
predict_linear(node_filesystem_avail_bytes[1h], 4*3600) < 0
```

बॅकअपच्या सुरुवातीला हाही चुकून वाजू शकतो, म्हणून तो अर्धा तास टिकला तरच पुढे पाठवतो. अ‍ॅकलाही आता मुदत आहे: 30 मिनिटांत नोंद मिटली नाही तर अ‍ॅक रद्द होते आणि फोन पुन्हा वाजतो.

अ‍ॅक आणि दुरुस्ती यांच्यामध्ये मी तिसरी वेळही नोंदवते, ती म्हणजे प्रत्यक्ष पहिल्या कृतीची. आधी ती चर्चेच्या चॅनेलवरच्या पहिल्या संदेशावरून घेत होते, पण लोक ‘पाहतोय’ एवढेच लिहू लागले, आणि तो नवा हिरवा रकाना झाला. आता सर्व्हरवर पहिले लॉगिन कधी झाले ते पाहते. त्यातही उणीव आहेच, कारण फक्त डॅशबोर्ड पाहून योग्य निदान करणारा त्यात दिसत नाही.

आमच्या विभागप्रमुखांना मात्र अजूनही एकच आकडा हवा असतो, वरिष्ठांना दाखवण्यासाठी. गेल्या महिन्यात अ‍ॅकचा मध्यक दोन मिनिटांवरून चार मिनिटांवर गेला आणि ही घसरण कशामुळे, असे त्यांनी विचारले. अ‍ॅक करण्यापूर्वी लोक आता अलर्ट वाचतात, असे मी लिहून दिले. त्यांना ते पटलेले नाही. नावांचा तक्ता परत आणा, असा निरोप आला आहे, आणि त्याला उत्तर म्हणून मी त्या रात्रीच्या दोन ओळी, 50 सेकंद आणि 268 मिनिटे, पुन्हा एकदा शेजारी शेजारी मांडून पाठवणार आहे.