तुम्ही विचारलंत म्हणून

“सर, सिसिफसचा दगड आणि तुमच्या आईच्या बिड्या एकच, असं म्हटलं की तुम्ही का चिडता?”

कारण तुम्हाला दगड आठवतो आणि गुन्हा आठवत नाही. ग्रीक पुराणातला सिसिफस हा करिंथचा राजा. देवांचा राजा झ्यूस, त्यानं पळवून नेलेल्या मुलीचा पत्ता सिसिफसनं तिच्या बापाला सांगितला, म्हणून त्याला न्यायला मृत्यू आला. सिसिफसनं मृत्यूलाच बांधून ठेवलं. युद्धाचा देव एरीस येऊन मृत्यूला सोडवीपर्यंत पृथ्वीवर कुणी मरेना. शेवटी खाली जावं लागलं, पण जाण्याआधी तो बायकोला सांगून गेला की माझे अंत्यसंस्कार करू नकोस. मग पाताळात त्यानं तक्रार केली, बघा, बायकोनं माझं काहीच केलं नाही, मला वर जाऊन तिला जाब विचारू द्या. सोडलं त्यांनी. तो आला आणि म्हातारा होईस्तोवर वरच राहिला.

आता शिक्षा बघा. डोंगरावर दगड ढकलत न्यायचा, माथ्याजवळ पोचला की तो खाली येतो, मग पुन्हा ढकलायचा, कायमचं. जिथून कुणी परत येत नाही तिथून जो परत आला, त्याचा दगड परत येतो. ज्याची अक्कल देवांना पुरून उरली, त्याला असं काम दिलं की तिथं अकलेचा काहीच उपयोग नाही. कॉलेजात असताना या जुळणीवर मी जीव टाकायचो. गुन्ह्याच्या मापानं बेतलेली शिक्षा, यात मला न्याय दिसायचा. त्या वयातल्या मला आजही सहज गप्प करता येत नाही, कारण जुळणी खरोखर सुंदर आहे.

बेळगावात एका कार्यक्रमात माझा सत्कार होता. आईला घेऊन गेलो होतो. अध्यक्ष विद्वान माणूस, त्यांनी मनापासून सांगितलं की या माऊलीनं जन्मभर बिड्या वळल्या, ही आपल्या सीमाभागातली सिसिफस आहे. टाळ्या झाल्या. आईनंही हात जोडले. परतीच्या बसमध्ये हत्तरगी मागं पडल्यावर तिनं विचारलं, “त्यो सिसिफस कोन रं?”

मी सांगितलं. दगड, डोंगर, वर नेलेला दगड पुन्हा खाली. तिला ते लगेच कळलं. निपाणीत बिडी वळणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांमागं. ठेकेदार पानं आणि तंबाखू मोजून देतो. पानं फाटकी निघाली तर हजार भरायला पदरचे पैसे घालून पानं आणायची. संध्याकाळी माल घेऊन गेलं की तिथला माणूस मूठ मूठ उचलून बघणार आणि छाट बाजूला टाकणार. पानाला भोक आहे, वळण सैल आहे, कधी काहीच कारण नाही. छाट बिड्यांची मजुरी नाही, आणि त्या बिड्याही परत मिळायच्या नाहीत. तेवढ्या रात्री पुन्हा वळायच्या. मी शेजारी अभ्यासाला बसलेला असायचो, तिची बोटं थांबलेली मी पाहिलीच नाहीत.

संकेश्वर आलं तेव्हा तिनं विचारलं, “आनि त्येनं काय केलतं?”

मी गुन्हा सांगितला. मृत्यूला बांधलं ते, बायकोच्या नावानं देवांना फसवलं ते, सगळं. ती ऐकत होती. तवंदी घाटात बस वळणं घेत होती, तेव्हा ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, “मग मी काय केलतं?”

यावर मी काही बोललो नाही. निपाणीच्या स्टँडवर उतरलो, घरी गेलो, जेवलो. तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी मात्र त्या रात्रीपासून या कथा गुन्ह्याच्या बाजूनं वाचायला लागलो.

आणि तिथं जे सापडलं ते मला आधी कुणी शिकवलं नव्हतं. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात त्याचा नायक ओडिसियस मृतांच्या लोकात सिसिफसला पाहतो. दोन्ही हातांनी ढकलणं, अंगावरून ओघळणारा घाम, डोक्यावर उठलेली धूळ, माथ्याजवळ पोचताच मागं वळणारा दगड, सगळं आहे. गुन्हा नाही. एका शब्दानंही नाही. तिथंच शिक्षा भोगणारा टँटलस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे, वाकला की पाणी आटतं आणि पायाखाली काळी माती दिसते, डाळिंबांना हात घातला की वारा फांद्या ढगांकडं उडवतो. त्याचाही गुन्हा नाही. त्या तिघांत टिटिओसचा तेवढा दिला आहे: त्यानं लेटो या देवीवर हात टाकला होता, म्हणून गिधाडं त्याचं काळीज खातात. टँटलसनं स्वतःच्या मुलाला शिजवून देवांना वाढलं आणि म्हणून त्याला भूक-तहान मिळाली, ही जुळणी होमरमध्ये नाहीच. इ.स.पू. 476 मधल्या एका विजयगीतात कवी पिंडार तर ती मुलाची गोष्ट मत्सरी शेजाऱ्यांची कुटाळकी म्हणून फेटाळतो, देवांचं अमृत चोरल्याचा गुन्हा सांगतो, आणि त्याच्याकडं टँटलसच्या डोक्यावर दगड टांगलेला आहे.

सगळ्यात स्पष्ट गोष्ट पाणी वाहणाऱ्या बायकांची. आज आपण सांगतो की डॅनाऊस राजाच्या पन्नास मुलींपैकी एकोणपन्नास जणींनी लग्नाच्या रात्री नवऱ्यांना मारलं, म्हणून त्या गळक्या रांजणात कायमचं पाणी भरतात. जुळणीही लावून दाखवतात: लग्नाआधीच्या स्नानाचं पाणी त्यांना आता कधीच पुरं भरता येणार नाही. पण ग्रीसमधल्या डेल्फीत चित्रकार पॉलिग्नोटसनं रंगवलेल्या भिंतीवर फुटक्या घागरींतून पाणी नेणाऱ्या बायका होत्या, आणि ती भिंत पाहून लिहिणारा प्रवासी पॉसानियस सांगतो की त्या गुप्त धर्मविधींची दीक्षा न घेतलेल्या बायका. प्लेटोच्या ‘गॉर्जियास’ या संवादातही चाळणीनं गळक्या रांजणात पाणी ओतणारे हे दीक्षा न घेतलेलेच आहेत. डॅनाऊसच्या मुलींचं नाव तिथं नाही, ते मागाहून लागलं. म्हणजे काम आधी होतं, गुन्हेगार नंतर मिळाले.

आपल्याकडं याला भोग म्हणतात. कुणाचे हाल दिसले की आपण मागच्या जन्मात त्याचं पाप शोधायला निघतो. निदान गरुडपुराणातले नरक भोगून संपतात तरी, पुढं दुसरा जन्म असतो. पण शोधायची खोड तीच, आणि ती लागली की समोर बिड्या छाटणाऱ्या माणसाकडं कुणी बघत नाही. आईला ते काम झ्यूसनं दिलं नव्हतं. मोजणारा, छाटणारा, दर ठरवणारा माणूस होता, तो रोज संध्याकाळी तिथं बसलेला असायचा. सिसिफस म्हटलं की तो माणूस गोष्टीतून निघून जातो. माझा राग त्यावर आहे.

शिवाय तिचा हजार पुरा व्हायचा. त्यावर माझी फी भरली गेली. दगडानं कुणाची फी भरली नाही.

यावर तुमच्यातलेच काहीजण म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजार होताच ना. होता. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. आणि होमरच्या सिसिफसला गुन्हाच नसेल, तर तो तिच्या किती जवळ येतो, हेही मला दिसतं. तसा माणूस, काही न सांगता नुसता ढकलत राहिलेला, तिच्या शेजारी उभा केला तर मी कदाचित भांडणार नाही. पण तुम्ही तो आणत नाही. तुम्ही करिंथचा तो लबाड राजा आणता आणि त्याची शिक्षा तेवढी तिला देता.