दुर्गादेवीचा दुष्काळ कोणत्या रकान्यात?

इंदूरच्या एका महाविद्यालयात मी हवामानशास्त्र शिकवते. पदव्युत्तर वर्गाच्या तोंडी परीक्षेआधी प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रकल्प मी त्याच्यासमोर बसून तपासते, आणि यंदा अशा एका प्रकल्पाने माझी सबंध दुपार घेतली. विद्यार्थी रामबागेतला, अभ्यासू आणि आपल्या मतावर ठाम होता. इ.स. ८०० ते १३०० या काळात सगळे जग उबदार होते, १३०० ते १९०० या ‘छोट्या हिमयुगा’त ते थंडावले आणि आजची तापमानवाढ म्हणजे त्याच नैसर्गिक चढउताराचा पुढचा टप्पा, असे त्याचे प्रतिपादन होते.

पुराव्यादाखल त्याने एक मोठा तक्ता केला होता. त्यात ठिकाण, पुरावा आणि शेवटी ‘होय’ किंवा ‘नाही’ असे रकाने होते. ग्रीनलंडमधल्या नॉर्स वसाहती, गोठलेली थेम्स नदी अशा परिचित नोंदींमध्ये माझी नजर एका ओळीवर थांबली. १३९६ पासून दख्खनमध्ये पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ त्याने छोट्या हिमयुगाचा पुरावा म्हणून नोंदवला होता, आणि त्याला आधार म्हणून छत्तीसगडमधल्या दंडक गुहेतील लवणस्तंभाचा अभ्यास दिला होता.

मी विचारले, “त्या लवणस्तंभात नेमके काय मोजले आहे?”

“प्राणवायूच्या समस्थानिकांचे प्रमाण, मॅडम.”

“आणि त्यावरून काय कळते?”

तो थोडा थांबला आणि म्हणाला, “पाऊस.”

तेच खरे होते. चौदाव्या शतकात मोसमी पाऊस वारंवार दुबळा पडत होता, हे त्या थरांवरून दिसते. पण पाऊस कमी पडला म्हणजे थंडी वाढली, असे त्यावरून म्हणता येत नाही. थेम्सच्या नोंदीतही अशीच भेसळ होती. लंडनच्या जुन्या पुलाच्या अरुंद कमानींमुळे पाणी संथ होई आणि नदी गोठणे सोपे जाई. तो पूल १८३१ मध्ये पाडला गेला, त्यामुळे त्यानंतर नदी शहरात गोठली नाही याचे सगळे श्रेय हवेला देता येत नाही.

मग मी त्याला ‘होय-नाही’चा रकाना काढून त्या जागी तीन रकाने करायला सांगितले: सर्वांत उबदार किंवा थंड काळ नेमका कोणता, फरक किती अंशांचा आणि नोंद कोणत्या ऋतूची. हे महत्त्वाचे, कारण अनेक ठिकाणची वृक्षवलये मुख्यतः उन्हाळ्याचेच तापमान सांगतात. त्याहून महत्त्वाचे असे की पाचशे वर्षांच्या चौकटीत प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी पन्नास उबदार वर्षे सापडणारच. एका ठिकाणी ती दहाव्या शतकात आणि दुसऱ्या ठिकाणी तेराव्या शतकात असतील, तर दोन्हीकडे ‘होय’ लिहिता येते, पण सगळे जग एकाच वेळी तापले होते असे मुळीच ठरत नाही.

तारखा भरल्यावर तक्त्याचे रूप पालटले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गेल्या दोन हजार वर्षांच्या तापमानाच्या जागतिक पुनर्रचनेतील आकडेही आम्ही शेजारी मांडले. छोट्या हिमयुगातील सर्वांत थंड काळ मध्य आणि पूर्व प्रशांत महासागरात पंधराव्या शतकात, वायव्य युरोपात सतराव्या शतकात, तर उरलेल्या बहुतेक प्रदेशांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला येतो. याउलट, गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वांत उबदार काळ पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागात विसाव्या शतकातच पडतो. दक्षिण गोलार्धातील जुन्या नोंदी विरळ आहेत, ही मर्यादाही मी त्याला लिहायला लावली. आणखी एक गोष्ट मला आवश्यक वाटली. जुन्या वक्रांमध्ये अनेक दशकांची सरासरी असते, म्हणून त्यांच्याशेजारी एखादे अतिउष्ण वर्ष ठेवणे अन्यायाचे होईल. तुलना २०११ ते २०२० या दशकाशी तरी करावी. ते दशक १८५०–१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.१ अंशाने उष्ण होते.

त्याने अखेरचा आक्षेप मांडला. “पण मॅडम, माणसाने काही न करता हवामान बदलले, एवढे तर खरे ना?”

ते खरेच आहे, आणि म्हणूनच तेव्हाची कारणे तपासावी लागतात. १२५७ मध्ये लोंबोक बेटावरचा समालास ज्वालामुखी आणि १८१५ मध्ये तांबोरा यांसारख्या उद्रेकांनी वातावरणाच्या वरच्या थरात गंधकाचे कण पसरवून ऊन अडवले. १६४५ ते १७१५ या काळात सौरडाग फारच थोडे होते, त्याचाही थोडा हातभार लागला. पण १९८० नंतर सूर्याचे तेज वाढलेले नाही. शिवाय सूर्यामुळे तापमान वाढते, तर वरचे स्थितांबरही तापायला हवे होते. प्रत्यक्षात खालचे तपांबर तापत असताना ते थंड होत आहे, आणि हरितगृह वायूंच्या वाढीची हीच खूण आहे. मी त्याला असेही दाखवून दिले की इतक्या लहान धक्क्यांनी हवामान मोठ्या प्रमाणात हलले असते, तर ते अधिक संवेदनशील ठरले असते, आणि मग कर्बवायूच्या वाढीचा परिणाम कमी नव्हे, जास्तच धरावा लागला असता.

त्याने प्रकल्प सोडला नाही, निष्कर्ष बदलला. दुर्गादेवीचा दुष्काळ आता पावसाच्या स्वतंत्र तक्त्यात आहे, आणि त्या दुष्काळात मोसमी वारे का दुबळे पडले असावेत, यावर त्याने लिहिलेले प्रकरण मला साऱ्या प्रकल्पात सर्वांत कसदार वाटले.