चौकट क्रमांक चार

रात्री साडेदहाला फोन वाजला की घरात कोणीतरी गेलं असं आपल्याकडे आधी वाटतं. त्या सप्टेंबरात वाजला तेव्हा मलाही तसंच वाटलं. गेला होता तो फोटो.

दिवाळी अंकाची पानं लावणारा मुलगा होता. "ताई, चौथा फोटो नाहीये. त्याच्या जागी पुण्यातल्या कुठल्यातरी वाड्याचं दार आलंय. उद्या दुपारी पानं छपाईला द्यायचीत." चौथा फोटो होता साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीवरचा शिलालेख. त्या एका फोटोसाठी मी सकाळचं तिरपं ऊन मिळेपर्यंत पायऱ्यांवर बसून राहिले होते. ऊन डोक्यावर आलं की अक्षरांच्या खाचांतली सावली जाते आणि दगड कोरा दिसतो.

वाड्याचं दार तिथे कसं आलं, ते नंतर कळलं. माझ्या फाइलचं नाव होतं `DSC_0412.JPG`. हे नाव मी नव्हतं ठेवलं, कॅमेऱ्यानेच ठेवलं होतं. कॅमेरा आपला मोजत जातो आणि ९९९९ झाले की पुन्हा एकपासून सुरू करतो. त्याच कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या एका लेखकाकडेही होता आणि त्याच्या मोजणीतही कधीतरी ४१२ हा आकडा येऊन गेला होता. कार्यालयात सगळ्यांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकले जात. संगणकाने विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? घाईत कोणीतरी हो म्हटलं. झालं. विहीर गेली आणि तिच्या जागी दार उभं राहिलं.

"परत पाठवते," मी म्हटलं आणि मग आठवायला लागले. फोटो मी कॅमेऱ्याच्या कार्डावरूनच थेट चढवले होते, संगणकात उतरवून घेतलेच नव्हते. ज्या सेवेने पाठवले, तिची लिंक सात दिवसांत आपोआप पुसली जायची. आणि कार्ड? ते पुढच्या प्रवासाला निघताना कोरं केलेलं. चढवलं म्हणजे ठेवलं, अशी माझी भाबडी समजूत होती.

शेवटी तो फोटो बहिणीच्या फोनमध्ये सापडला. "बघ काय ऊन मिळालं" असं म्हणून मी तो तिला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला होता. कॅमेऱ्यातला फोटो सहा हजार पिक्सेल रुंद होता, तिच्याकडे पोचलेला सोळाशेच. आठ इंच रुंद चौकटीला इंचामागे तीनशेच्या हिशेबाने चोवीसशे लागतात. रुंदीचं एक वेळ चाललं असतं. पण फाइल लहान करताना व्हॉट्सअ‍ॅप बारीक तपशील पुसतं आणि शिलालेखात तर बारीक तपशीलच असतात. अंकात तो फोटो छापलेला आहे. खाली मी मोठ्या हौसेने लिहिलंय, "अक्षरे अजूनही सुवाच्य आहेत." वर ओल्या भिंतीसारखं काहीतरी दिसतं.

आमच्या आईच्या माळ्यावर पितळेची आणि स्टीलची भांडी आहेत. प्रत्येकावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं आणि तारीख. भांडं विकत घेतलं की दुकानातच नाव घालून घ्यायचं, ही तिची शिस्त. गल्लीत कोणाकडे कार्य निघालं की पातेली, पराती, वाट्या जायच्या. चार घरची भांडी एकाच मोरीत घासली जायची आणि तरी संध्याकाळी आपलं आपल्याकडे यायचं. नाव घालायचं ते भांडं घराबाहेर पडायच्या आधी. मोरीत उभं राहून "ही वाटी आमची वाटते" म्हणण्यात अर्थ नसतो. हे मला विहिरीच्या प्रकरणानंतर फाइलींच्या बाबतीत सुचलं, म्हणजे तसं उशिराच.

पुढच्या वर्षी कराडच्या नकट्या रावळाच्या विहिरीवर लिहिलं. घरी आल्यावर पहिलं काम कार्ड संगणकात उतरवायचं. त्यातले निवडलेले सहा फोटो सरळ केले, कापले आणि `pathavlele` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले. मूळ फोटो वेगळे ठेवले, कारण पाठवलेला म्हणजे कापलेला, उजळलेला फोटो. मूळ असलं तरी रात्री साडेदहाला तीच काटछाट पुन्हा हुबेहूब जमत नाही. मग नावं घातली:

```
2024-08-11_karad-vihir_01_darshani.jpg
2024-08-11_karad-vihir_04_payrya.jpg
```

तारीख वर्षापासून सुरू केली की फायली आपोआप क्रमाने लागतात. एकच्या आधी शून्य नसेल तर काही ठिकाणी दहा नंबर दोनच्या आधी जाऊन बसतो. नावं मराठीत, पण लिपी रोमन. देवनागरीत ठेवून पाहिली होती. कार्यालयातल्या जुन्या संगणकावर झिप उघडली तेव्हा त्या नावांची नुसती प्रश्नचिन्हं झाली. वाईट वाटलं, पण वाद कोणाशी घालणार? शेवटचा शब्द मात्र फोनवर बोलून सांगता यायला हवा, हे माझं मत पक्कं आहे. "पायऱ्यावाला चार नंबर" म्हटलं की दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. `final_navin_2` म्हटलं तर कोणाच्याच येत नाही.

फोन त्याही वर्षी आला, अर्थात. कार्यालयातला संगणक बदलताना काही फायली मागेच राहिल्या होत्या. पण या वेळी त्याने नावच वाचून दाखवलं. पानं लावायच्या त्याच्या प्रोग्राममध्ये हरवलेल्या फाइलपुढे लाल गोलात प्रश्नचिन्ह येतं आणि शेजारी नाव तसंच राहतं. मी ते नाव शोधलं, सापडलं आणि पाठवलं, व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण डॉक्युमेंट म्हणून. तसं केलं की फाइल लहान होत नाही आणि नावही बदलत नाही. फोटो म्हणून पाठवला असता तर तिकडे नवंच बारसं होऊन `WA` अक्षरांचं नाव पडलं असतं. मी आकारही विचारून घेतला. माझ्याकडे ४.२ एमबी, त्याच्याकडे ४.२ एमबी. अर्धवट उतरलेला फोटो वरून ठीक दिसतो, खालचा भाग मात्र राखाडी निघतो. तो वेळेवर खाली सरकवून बघतोच कोण?

त्याने ती फाइल जुन्या जागी ठेवली. नाव अक्षरशः तेच असल्यामुळे चौकट जिथल्या तिथे, त्याच मापाने भरली. त्याला काहीच जुळवावं लागलं नाही. यात मी एकदा चूक करून बसले आहे. एक फोटो जास्त उजळ करून त्याच नावाने पाठवला आणि मग दोघांनाही कळेना की पानावर कुठला आहे. आता हरवलेलं परत पाठवायचं असेल तर नाव तेच. फोटोत काही बदललं असेल तर शेवटी `_v2`.

"लागला, ताई," तो म्हणाला आणि लगेच फोन ठेवला. दूध विरजायचं राहिलं होतं, मी ते विरजलं.

बहिणीच्या फोनमध्ये लिंबचा शिलालेख अजून आहे. तिच्या मुलाने फोन साफ करायला घेतला की ती ओरडते, "तो नको पुसू, मावशीचा आहे." कुठला, ते त्याला दरवेळी दाखवावं लागतं.